कार्डावरचा बदामी, भिंतीवरचा गुलाबी: रंग निवडतानाचे तुमच्या घरचे अनुभव सांगा

यंदा श्रावणात कानबाई आमच्याकडे बसणार. म्हणून पाऊस लागायच्या आत घराला रंग द्यायचा, हे आबांनी आखाजीच्या पंगतीतच जाहीर करून टाकलं. मागच्या रविवारी रस-पोळी झाली, चोपड्याच्या उन्हात बाहेर चिटपाखरू नाही, कूलर घरघरतोय, आणि आमचे हे दुकानातून आणलेलं जाडजूड शेड कार्ड घेऊन हॉलमध्ये आले. पुढचे तीन तास घरात कोणी डोळा मिटला नाही.

आबांचं मत आधीच ठरलेलं. "चुना, त्यात चिमूटभर नीळ. कार्ड कशाला लागतं?" सासूबाईंना बदामी हवा. दीर करडा म्हणाले, तर आबा ताडकन उठून बसले, "करडा? घर शे का बँक?" नववीतल्या लेकीला एकच भिंत गडद हिरवी हवी आणि बाकी काय वाट्टेल ते चालेल. कार्डावरची नावं तीच मोठ्याने वाचून मराठीत सांगत होती. एक रंग निघाला उंटाचं स्वप्न. आबा म्हणाले, "उंटले काय सपन पडस ते माले नको सांगू, भिंतवर काय दिससे ते सांग."

गंमत अशी की नेमका हाच प्रश्न कोणाला सुटत नव्हता. सासूबाईंनी निवडलेली बदामी पट्टी ट्यूबलाइटखाली राखाडी वाटली, ओसरीत उन्हात नेली तर जवळजवळ पांढरी, आणि हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवली तर तिसराच रंग. "माझा रंग बदलवला कोणी?" म्हणून सासूबाईंनी दिरांच्या पाठीत धपाटा घातला. शेवटी ह्यांनी एक लिटरचा डबा आणून भिंतीवर चार फुटांचा चौकोन रंगवला. दुपारी तो बदामी दिसला. साडेपाचला सगळे चहा घेऊन बसलो तर चौकोन चक्क गुलाबी! लेक हसून हसून लोळली.

डबा बदलून दिला असेल असंच आम्हाला वाटलं. तुमच्याकडे असं झालंय का? तुमच्याकडचा रंगाचा रविवारही सांगा.

ब्रशवाल्याचा पोऱ्या

वडील अमळनेरला तीस वर्षं रंगारी होते, सुट्टीत मीही रोलर मारलाय. ताई, दुकानदाराला बोल लावू नका. समोरच्या घराची भिंत कोणत्या रंगाची आहे, ते आधी बघा.

वडील गिऱ्हाइकाकडे गेले की पहिल्यांदा शेड कार्ड मांडीवरून उचलायला लावायचे. मांडीवर आडव्या धरलेल्या कार्डावर वरून उजेड पडतो, भिंतीवर तो बाजूने येतो. म्हणून कार्ड भिंतीला उभं लावूनच बघायचं. दुसरं म्हणजे एका पट्टीत सहा-सात रंग शेजारी असतात आणि शेजारी डोळ्याला फसवतो. ते पांढऱ्या कागदाला चौकोनी भोक पाडून फक्त एकच रंग उघडा ठेवायचे. एवढं केलं की निम्मी भांडणं तिथेच मिटायची, कारण दोघांना आवडलेला रंग बऱ्याचदा एकच निघायचा.

नमुना थेट भिंतीवर मारू नये, हेही त्यांचंच. जुना रंग निळा असेल तर त्याच्यावरचा बदामी जास्तच तांबूस वाटतो. पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या, त्यावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात मारा, कडेला बोटभर पांढरी पट्टी सोडा. रात्रभर वाळू द्या. मग तो तुकडा घरभर फिरवा: सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री दिव्याखाली. आणि चारही भिंतींवर रंग कार्डापेक्षा जोरकस दिसतो, म्हणून जो आवडला त्याच्यापेक्षा एक पायरी फिका घ्यायचा.

रेल्वेक्वार्टर भुसावळ

एक पायरी फिका? माझा अनुभव अगदी उलटा. रंग वाळला की फिका होतो हे आम्ही लहानपणापासून बघतोय. म्हणून मी एक पायरी गडद घेतला. आता हॉलमध्ये बसलं की लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटतं, सौ. अजून बोलते. तरीही मी म्हणेन, दोन-तीन वर्षांत तो बसेल.

ब्रशवाल्याचा पोऱ्या

काका, तुम्ही लहानपणी पाहिलेला चुना होता. चुना ओला असताना पाण्यासारखा, खालची भिंत दाखवणारा असतो आणि वाळला की पांढरा उमटतो. इमल्शनचं उलटं. डब्यात आणि ओल्या भिंतीवर ते दुधाळ दिसतं, वाळल्यावर गडद होतं. तुमचा आणि आबांचा अनुभव खरा, फक्त डबा बदलला.

रेल्वेक्वार्टर भुसावळ

मग माझा मांडव कायमचाच म्हणायचा. सौ.ला हे वाचायला देत नाही.

ओलीने_गांजलेली

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला खालून दोन फूट पापुद्रे सुटतात. त्यावर कोणता रंग टिकेल? शक्यतो बदामीच सांगा, इथे बदामीचंच चाललंय.

ब्रशवाल्याचा पोऱ्या

ताई, तिथे कुठलाच टिकणार नाही. आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. मोरीची नळी, बाहेरच्या बाजूला साचणारं पाणी, किंवा पायातून चढणारी ओल. भिंत कोरडी झाल्याशिवाय वरून कितीही भारी रंग मारला तरी पुढच्या पावसाळ्यानंतर पापुद्रे येतीलच. शक्य असेल तर एक उन्हाळा ती भिंत खरवडून उघडी ठेवा.

नंदुरबारची शाळाबाई

आमच्याकडे रंगावर एकमत अर्ध्या तासात झालं, भांडण नंतर पेटलं. खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. चार भिंतींचे 440 चौरस फूट, दार-खिडक्या वजा करून 400. पुट्टी केलेल्या भिंतीवर दोन हातांना लिटरमागे साधारण 65 चौरस फूट धरले तर सहा लिटर लागणार. हा हिशोब मी आता सांगतेय. तेव्हा आमच्या नानांनी अंदाजाने चार लिटरचा डबा आणला, "उरेल थोडा, कपाटाले मारू." तिसऱ्या भिंतीच्या मध्यात रंग संपला. तोवर रविवार संध्याकाळ, नेहमीचं दुकान बंद. दुसरीकडून त्याच नंबरचा रंग मशीनवर बनवून आणला. ओला असताना काहीच कळलं नाही. सकाळी भिंतीवर सरळ उभा पट्टा, जणू कोणी पट्टी ठेवून आखलाय.

आता तिथे सोफा सरकवलाय आणि वर कॅलेंडर. पाहुणे म्हणतात, कॅलेंडर फार खाली लावलंय.

ब्रशवाल्याचा पोऱ्या

नंबर तोच असला तरी मशीन वेगळं, बेस वेगळ्या लॉटचा, थोडा फरक पडतोच. वडील सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घ्यायचे आणि मगच सुरू करायचे. कमी पडलाच तर भिंतीच्या मध्यात थांबायचं नाही, कोपऱ्यात थांबायचं. दोन भिंतींवर उजेड तसाही वेगळा पडतो, तिथे फरक डोळ्यात येत नाही.

केळीच्या_बांधावर

रावेरकडचा आहे. आमचं घर मळ्यात, खिडकीपासून वीस फुटांवर केळीची बाग. दोघं भाऊ, दोघांच्या बायका आणि आजी, सगळ्यांनी मिळून पांढराशुभ्र निवडला. आमच्या घरात पहिल्यांदाच एकमत झालं. रंग झाल्यावर बघतो तर सकाळी आठ ते दहा पूर्ण खोली हिरवट! बाग कापली त्या महिन्यात भिंत पांढरी झाली, पुन्हा लावली आणि वाढली तशी हळूहळू हिरवी. आजी म्हणते पैसा वाचला, दोन रंग एकाच्या भावात.

धुळ्याचा_जावई

ताई, लेकीच्या गडद हिरव्या भिंतीला माझा विरोध. 44 अंशांत गडद रंग घर तापवतो. सासऱ्यांनी माडीला तपकिरी रंग दिलाय, दुपारी पाय ठेववत नाही.

ब्रशवाल्याचा पोऱ्या

माडीला बाहेरून दिलाय की आतून? बाहेरच्या भिंतीला आणि गच्चीला तुमचं म्हणणं सोळा आणे खरं, तिथे ऊन थेट लागतं. आतल्या भिंतीवर ऊन पडतच नसेल तर हिरव्याने गरम काय होणार? फक्त खोली काळोखी वाटेल आणि दिवा लवकर लावावा लागेल.

धुळ्याचा_जावई

बाहेरून. पण आतूनही फरक पडतो, मला जाणवतो. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येतंच की.

ब्रशवाल्याचा पोऱ्या

आत आलेलं ऊन पांढऱ्या भिंतीवर पडलं तरी बरंचसं खोलीतच फिरत राहतं. रंगापेक्षा खिडकीला पडदा लावा. तरी तुमचा हट्ट असेल तर सासऱ्यांकडे एक उन्हाळा दोन खोल्यांत थर्मामीटर ठेवा आणि इथे येऊन सांगा.

धाग्याची सुरुवात करणारी

ब्रशवाल्या दादा, तुम्ही ओळखलंत. समोरच्या काकूंनी मागच्या दिवाळीत घराला विटकरी रंग दिलाय आणि मधली गल्ली जेमतेम बारा फुटांची. दुपारी ऊन डोक्यावर असतं तेव्हा काही नाही. पण पाचनंतर ऊन त्यांच्या भिंतीवर आपटून आमच्या खिडकीतून हॉलमध्ये येतं, सगळं लालसर होऊन. आणि सासूबाईंच्या बदामीत मुळातच थोडी गुलाबी झाक होती, ती उठून आली. पांढऱ्या कागदाला भोक पाडून पाहिलं तेव्हा कळलं. आधी शेजारी तपकिरी पट्टी होती म्हणून दिसतच नव्हतं.

या रविवारी म्हणून पुठ्ठ्याचे तीन तुकडे रंगवले. पहिला बदामी, पण पिवळसर झाकेचा. दुसरा करडा, तिसरा हिरवा. आबांनी हट्टाने चौथ्यावर चुना मारला. साडेपाचला करडासुद्धा जांभळट दिसला आणि दिरांचा आवाज बसला. पिवळसर बदामी मात्र बदामीच राहिला. मग मतदान घेतलं, प्रत्येकाला दोन शेंगदाणे, आवडेल त्या पुठ्ठ्यासमोर ठेवायचे. बदामीसमोर सहा, हिरव्यासमोर तीन, चुन्यासमोर दोन, करड्यासमोर एक. तेवढ्यात आबांनी करड्यासमोरचा दाणा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाले, "आते मतमोजणी पूरी."

हिरव्याचं अजून मिटलेलं नाही. लेकीने कपाटामागची भिंत मागितली आहे, आबा म्हणतात कपाट हलवायला लागेल, आणि सासूबाई चारही पुठ्ठे रोज रात्री पिवळ्या दिव्याखाली लावून बघतात. काल त्यांना चुनाच आवडला.