मदत हवी आहे: आईची एकादशी आणि साखर ५८

आई ६७ वर्षांची, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. गेल्या एकादशीला सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली आणि पोटात नुसता चहा. साडेअकराला जप करताना हात थरथरायला लागले, हातातली माळ खाली पडली, कपाळावर दरदरून घाम. ग्लुकोमीटरवर ५८! तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी ८४. मग ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दोन तासांनी २६०.

डॉक्टरांनी आता उपासाच्या दिवसाचा गोळीचा डोस बदलून दिलाय. साखर ७० च्या खाली गेली, तर त्रास होत नसला तरी उपास तिथेच सोडायचा. ३०० च्या वर गेली तरीही सोडायचा. सकाळी, अकराच्या सुमारास, फराळानंतर दोन तासांनी आणि अस्वस्थ वाटेल तेव्हा तपासायची.

पण आई म्हणते, सुई टोचून रक्त काढलं की उपास मोडतो. तुमच्या घरातल्या मोठ्यांची समजूत कशी घातलीत? आणि खिचडीऐवजी शेंगदाण्याची आमटी, ताक, थोडी भगर असा फराळ करून कुणी साखर तपासलीय का? आकडे किती आले ते सांगाल का? पुढची एकादशी चार दिवसांवर आहे.