'मी डाग पाडला' की 'माझ्याकडून डाग पडला'?

पाटीपेन्सिल
अमेरिकेत एडिसनला रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. या वेळी लेखनाला विषय दिला होता: मैत्रिणीकडून वाचायला आणलेलं पुस्तक परत करायचंय, मुखपृष्ठावर डाग पडलाय, सोबत चार ओळींची चिठ्ठी लिहा. एका मुलीने लिहिलं:

"प्रिय अनु, तुझ्या पुस्तकाच्या कव्हरवर मी डाग पाडला. मी वाचताना चहा पीत होते. मला माफ कर. मी तुला नवीन पुस्तक देईन."

माझ्या सहशिक्षिकेने 'मी डाग पाडला' खाली लाल रेघ मारून वर 'माझ्याकडून डाग पडला' असं लिहिलं. मुलगी म्हणाली, "पण मीच पाडला ना?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. व्याकरणात चूक दिसत नाही, पण असं कुणी लिहीत नाही हेही खरं. काय सांगू तिला?

शुद्धमती
क्रियापदाचं सोडा, आधी नामं बघा. डाग फारसी, माफ अरबी, कव्हर इंग्रजी. त्या वाक्यांत मराठी उरलं काय? शाळा मराठीची आहे ना? 'तुझ्या ग्रंथाच्या आवरणास कलंक लागला, क्षमस्व' असं सुटसुटीत लिहिता येतं.

वऱ्हाडी ठेचा
आवरणास कलंक! अनुला वाटंल पुस्तकाचं कुठं लफडं झालं का काय.
आमच्याकडं 'दाग लागला' म्हणतात. पडत बी नाही, पाडत बी नाही. लागते.

बाइंडर
मी बांधणीचं काम करतो म्हणून विचारतो. कव्हर कसलं आहे? लॅमिनेशन असेल तर ओल्या फडक्याने पुसलं की चहा निघतो, चिठ्ठीची गरजच नाही. साधा कागद असेल तर घासू नका, तंतू उठतात आणि डागाच्या जागी पांढरं फुसकं दिसतं. चहाच असेल तर टिपकागदाने नुसतं दाबून टिपायचं. तेल असेल तर वर टाल्कम पावडर टाकून, कोरा कागद ठेवून, रात्रभर वजनाखाली. हळद असेल तर साबण अजिबात नको, लाल होते. उन्हाने हळद उडते, पण कव्हरचा रंगही तिच्याबरोबर उडतो.

पाटीपेन्सिल
दादा, पुस्तक खरं नाहीये हो, निबंधातलं आहे. पण हळदीचं माहीत नव्हतं, लिहून ठेवलं.

कोशकिडा
मुलीचं वाक्य व्याकरणाने शंभर टक्के बरोबर आहे. सहशिक्षिका चुकल्या असं मात्र मी म्हणणार नाही. गोष्ट अशी की मराठीत पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या आहेत. यातलं दुसरं क्रियापद वापरलं की ऐकणाऱ्याला इरादा ऐकू येतो. आंबे पाडले, भोक पाडलं, फूट पाडली, छाप पाडली, भाव पाडले. सगळीकडे कुणीतरी ठरवून केलंय. म्हणून 'मी तुझ्या पुस्तकावर डाग पाडला' वाचून अनुला क्षणभर वाटेल की ही बाई चमचा घेऊन बसली होती की काय.

इंग्रजी वातावरणात वाढलेल्या मुलीला हा फरक जाणवत नाही, कारण तिकडे कर्ता पुढे ठेवला तरी इरादा आपोआप चिकटत नाही. आपल्याकडे चिकटतो. म्हणून आपण 'माझ्याकडून' किंवा 'माझ्या हातून' अशी वाट काढली. 'माझ्या हातून कप फुटला' म्हणजे फुटला माझ्यामुळेच, पण मी फोडला नाही. जबाबदारी घेतली, इरादा नाकारला.

नर्मदेतला गोटा
जबाबदारी घेतली म्हणे! 'माझ्याकडून' हा मराठी माणसाचा पळवाटेचा दरवाजा आहे. आमच्या हपिसात फाईल नेहमी 'राहून जाते'. कुणी ठेवत नाही, कुणी विसरत नाही. तिला स्वतःला राहावंसं वाटतं. त्या पोरीने सरळ 'मी' लिहिलं त्याला लाल रेघ? मी तर तिला पैकीच्या पैकी दिले असते.

सासूबाईंची_सून
गोटेसाहेब, एक गंमत बघा. दुसऱ्याने केलं की आपणच 'पाडला' म्हणतो. मी लहान असताना चादरीवर शाई पडली तर आई ओरडायची, "पाडलास ना डाग!" आणि मी म्हणायचे, "मी नाही, पडला." एकच डाग. माझ्या मुलाशी आता मी आईचीच ओळ म्हणते.

कोशकिडा
मला जे सांगायला एवढा परिच्छेद लागला ते तुम्ही आईच्या एका ओळीत सांगितलंत. आरोप करताना पाडणे, कबुली देताना पडणे. त्या मुलीने कबुलीच्या जागी आरोपाचं क्रियापद स्वतःवरच वापरलं, म्हणून ते कानाला खटकतं आणि म्हणूनच गोटेसाहेबांना प्रामाणिक वाटतं.

तिला मधली वाट दाखवायची तर 'सांडणे' द्या. हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चालतं. चहा सांडला, मी चहा सांडला. एकच रूप, आणि 'मी' लावलं तरी मुद्दाम केल्यासारखं वाटत नाही. "वाचता वाचता तुझ्या पुस्तकावर मी चहा सांडला, कव्हरवर डाग राहिलाय." यात 'मी' शिल्लक आहे आणि कुणाला लाल रेघ मारावीशी वाटणार नाही. (जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकून देणे, त्याग करणे. संतांचा 'अहंकार सांडावा' हा चहासारखा सांडायचा नव्हता.)

पाटीपेन्सिल
हे आवडलं. पण सहशिक्षिका म्हणतात, अशाने मुलं 'पाडणे' टाळायला शिकतील, वापरायला नाही. तेही पटतं. आता दुसरा प्रश्न. 'मला माफ कर' त्यांना फार नाटकी वाटलं, त्यांनी 'दिलगीर आहे' सुचवलं.

वऱ्हाडी ठेचा
मैत्रिणीले दिलगीर? 'कालच्या अंकात छायाचित्राखालील नाव चुकले, आम्ही दिलगीर आहोत.' तसं वाटते.

शुद्धमती
आणि तेही फारसीच! दिल. म्हणून 'क्षमस्व'. मी नेहमी 'उशिराबद्दल मी क्षमस्व आहे' असंच लिहिते.

कोशकिडा
ताई, इथे मात्र थांबवतो. क्षमस्व म्हणजे '(तू) क्षमा कर'. संस्कृतातलं आज्ञार्थी रूप आहे. 'मी क्षमस्व आहे' म्हणजे 'मी क्षमा कर आहे'. रस्त्याच्या पाटीवरचं 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' बरोबर, कारण तिथे 'मी' नाही. शिवाय ते 'तू'ला उद्देशून आहे, म्हणजे महापालिका आपल्या सगळ्यांना अरेतुरे करते.

दिलगीरचं म्हणाल तर मोल्सवर्थच्या कोशात (१८५७ ची आवृत्ती) त्याचा अर्थ उदास, खिन्न असा आहे. मूळ फारसीतही तसाच. त्यात क्षमा मागणं नाही, मन खट्टू होणं आहे. त्या अर्थाने चिठ्ठीत 'दिलगीर' खरं तर शोभून दिसेल. पण वर्तमानपत्रांनी आणि कार्यालयांनी त्याला इस्त्री केली.

परक्या शब्दांबद्दल एवढंच सांगतो. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. हा वाद एकाच माणसाच्या डोक्यात मावतो, तर आपल्या धाग्यात का मावणार नाही? पण 'डाग' हाकलला तर 'चंद्रावरचा डाग' आणि 'डागाळलेली प्रतिमा' दोन्ही घेऊन जातील.

शुद्धमती
'मी क्षमस्व'बद्दल मान्य. 'कलंक'बद्दल नाही. चंद्रावरही कलंकच असतो, डाग तुम्ही नंतर नेऊन लावलात.

जुनी_पोथी
पोथ्यांच्या शेवटी समर्थांचा श्लोक असतो, तो त्या मुलीला द्या: तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबंधनात्, मूर्खहस्ते न दातव्यम् एवं वदति पुस्तकम्. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला सांभाळा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका.

कोशकिडा
श्लोक चपखल, पण समर्थांचा नाही. पोथी उतरून झाली की नकलाकार तो शेवटी लिहीत. ठिकठिकाणच्या पोथ्यांत थोड्याफार फरकाने सापडतो.

बाइंडर
तेल पाण्याच्या आधी आहे बघा श्लोकात. ज्याने लिहिला त्याला कागद कळत होता. पाणी वाळतं.

आणि सगळे मुखपृष्ठ मुखपृष्ठ म्हणताय. मुखपृष्ठ पुढचं. मागचं ते मलपृष्ठ. चहाचा कप पुस्तकावर ठेवायचा तर लोक पुस्तक उपडं करून मागच्या बाजूवर ठेवतात, असं मी तरी पाहिलंय. मग डाग मलपृष्ठावर.

सासूबाईंची_सून
मलपृष्ठावर डाग! हे मुलांना शिकवू नका, वर्ग आवरणार नाही.

नर्मदेतला गोटा
मल म्हणजे मळ, आणि जे पान खाली टेकून मळतं ते मलपृष्ठ. माझी व्युत्पत्ती, मोफत.

कोशकिडा
मोफत आहे म्हणूनच घेत नाही.

वऱ्हाडी ठेचा
मले येक वेगळंच खटकते. पाटीपेन्सिल ताई, तुमी 'वाचायला आणलेलं' लिवलं. सरळ 'उसनं' का नाही?

पाटीपेन्सिल
विचार केला होता. पण उसनी साखर आणली की तीच साखर परत देत नाही, तेवढीच दुसरी देतो. पैशांचंही तसंच. पुस्तक मात्र तेच परत जातं. म्हणून उसनं म्हणवलं नाही.

वऱ्हाडी ठेचा
मंग पोरीनं 'नवीन पुस्तक देईन' लिवलं तवा ते उसनंच झालं की! डाग पडल्यावर.

जुनी_पोथी
आमच्या घरी लग्नाला शेजारचं पातेलं उसनं आणत आणि तेच परत देत. त्यामुळे साखरेचा नियम सगळीकडे लागू नाही.

पाटीपेन्सिल
पातेलं आम्ही 'मागून' आणायचो. उसनं नाही म्हणायचो. गाव कुठलं तुमचं?

जुनी_पोथी
वाईजवळ. आणि 'डाग'वरून आठवलं, आजोबा प्रवासाला निघताना विचारत, "सामानाचे डाग किती?" ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या, प्रत्येकाला एक डाग. हा डाग कुठून आला?

शुद्धमती
तो दागिन्यातला. त्याचा या डागाशी संबंध नाही.

कोशकिडा
संबंध नाही असं इतक्या ठामपणे मी म्हणणार नाही. जनावरावर, मालावर खूण म्हणून डाग देत, त्यावरून खूण केलेला नग म्हणजे डाग झाला असेल. पण हा माझा तर्क आहे.

नर्मदेतला गोटा
म्हणजे तुमची व्युत्पत्ती तर्क आणि माझी मोफत!

बाइंडर
फिरकीचा तांब्या गळत नसे का, वळकटीत ठेवल्यावर?