मदत हवी आहे: जंताची गोळी देऊनही मुलाच्या रिपोर्टमध्ये पुन्हा हायमेनोलेपिस नाना

मानेवाड्याची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला राहतो. मुलगा सहा वर्षांचा, वजन १८ किलो. उन्हाळ्याआधीपासून बेंबीभोवती पोट दुखतं म्हणतो, जेवणावर मन नाही, मधूनच पातळ शी होते, चिडचिड तर विचारू नका. १० फेब्रुवारीला शाळेत सगळ्यांना अल्बेंडाझोल दिली तेव्हा त्यानंही घेतली होती. नंतर शी तपासली तर हायमेनोलेपिस नानाची अंडी निघाली. डॉक्टरांनी अल्बेंडाझोल पुन्हा दिली. दोन आठवड्यांनी रिपोर्ट साफ आला, आम्ही सुटलो म्हणालो. महिन्याभरानं पुन्हा पोट दुखलं, तपासलं, पुन्हा अंडी!

शीमध्ये मला डोळ्यांनी कधीच काही दिसलं नाही. घर माळकरी, अंडंसुद्धा शिजत नाही. मग हा जंत येतोय कुठून? गोळी लागू का पडत नाही? आणि तीन वर्षांच्या धाकटीचं काय करू?

सदर_बाजार
ताई, रिपोर्टमधला हा टेपवर्म आहे, म्हणजे चपटा कृमी. तो कच्च्या डुकराच्या मांसातून येतो, आणि शाकाहारी लोकांना कोबीतून. बाहेरचं मंचुरियन बंद करा, आपोआप जाईल.

वऱ्हाडी_बाप्पा
माह्या पोराले बी असंच झालं होतं. रातच्यान लय खाज सुटे, झोपू देत नव्हता. वावडिंगाचा काढा देल्ला अन् नखं कापली, बरा झाला. कायले एवढ्या तपासण्या करता?

स्लाइडवाली
मी नागपुरातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये शीचे नमुने बघते, तेव्हा लिहितेच.

बाप्पा, रात्रीची खाज म्हणजे बहुतेक सुतासारखे पांढरे कृमी. ते वेगळं प्रकरण. त्यांची अंडी शीमध्ये फारशी सापडतच नाहीत, सकाळी आंघोळीआधी गुदद्वाराशी सेलोटेप लावून बघावी लागतात.

सदर बाजार, तुमचं डुकराचं आणि कोबीचं दुसऱ्या चपट्या कृमीला लागू आहे, ह्याला नाही. बाकीच्या चपट्या कृमींना माणसात येण्याआधी दुसऱ्या एखाद्या प्राण्यात वाढावं लागतं. ह्या बुटक्याला मध्यस्थ लागतच नाही. तो जेमतेम दीड ते चार सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखा बारीक. त्याचे मागचे तुकडे आतड्यातच विरघळून अंडी मोकळी होतात, म्हणून ताई, तुम्हाला शीमध्ये काही दिसलं नाही. आणि ती अंडी बाहेर पडतात तेव्हाच संसर्गाला तयार असतात. शी धुताना हाताला लागलं, तोच हात तोंडात गेला, झालं. मुलांमध्ये तो शाळेत, शेजारात, घरातल्या घरात फिरतो तो असा. शाकाहाराचा इथे काही संबंध नाही.

आता गोळीचं. गिळलेल्या अंड्यातून अळी निघते आणि लहान आतड्याच्या अस्तरावरच्या बारीक उंचवट्यांत घुसते. तिथे चार ते सहा दिवस वाढते, मग पोकळीत येऊन भिंतीला चिकटते. गिळल्यापासून नवी अंडी दिसेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात. खरी गोम पुढे आहे. मोठ्या कृमीची काही अंडी बाहेर न पडता आतड्यातच फुटतात आणि त्यांच्या अळ्या तिथल्याच अस्तरात शिरतात. एक कृमी स्वतः काही आठवडेच जगतो, पण त्याची पिलावळ त्याच पोटात पुढे चालू राहते. म्हणून पोर वर्षानुवर्षं त्यातच राहू शकतं.

अल्बेंडाझोलचा एक डोस गोल कृमींसाठी चांगला. शाळेतली मोहीमही त्यांच्यासाठीच आहे. ह्या जंताचे काही मोठे कृमी त्यानं मरतात, अंडी थोडे दिवस थांबतात, पण राहिलेले कृमी आणि अस्तरातल्या अळ्या पुन्हा घर भरतात. तुमचा दोन आठवड्यांचा साफ रिपोर्ट त्या मधल्या काळातला असणार. त्यावर विसंबू नका.

मानेवाड्याची_आई
बापरे, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मग औषध कोणतं?

स्लाइडवाली
औषध डॉक्टरच लिहितील, पण विचारायचं नाव प्राझिक्वान्टेल. ते अस्तरातल्या अळ्यांवरही चालतं. दुसऱ्या चपट्या कृमींना किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम पुरतं, ह्याला २५ द्यावं लागतं ते त्या अळ्यांसाठीच. तुमच्या मुलाचं १८ किलो, म्हणजे ४५० मिलिग्रॅम एका वेळी. ६०० ची गोळी असेल तर पाऊण. तशी कडू असते, चघळू देऊ नका. काही डॉक्टर दहाएक दिवसांनी दुसरा डोस देतात, काही अंडी दिसली तरच देतात.

एक गोष्ट आधी सांगा. मुलाला कधी झटके आले होते का?

पिठाची_गिरणी
मी वाचलंय की हा पिठातल्या किड्यांतूनही येतो. आमच्या गिरणीत पावसाळ्यात पिठाला सोंडे लागतात. गव्हाचं पीठ टाकून द्यायचं का मग?

स्लाइडवाली
तो रस्ताही आहे, नाकारत नाही. पिठातला भुंगेरा किंवा पिसू ही अंडी खाऊ शकते आणि तो कीडा पोटात गेला तर लागण होते. पीठ चाळून घ्या, बस. मुलांमधली बहुतेक लागण हातातोंडाचीच.

मानेवाड्याची_आई
झटक्याचं का विचारलंत? चौथ्या वर्षी तापात एकदा आला होता. डॉक्टर म्हणाले होते तापाचा आहे, काळजी करू नका.

स्लाइडवाली
मग हे डॉक्टरांना गोळीआधी सांगाच. इथे सदर बाजारांचा कोबी कामाला येतो. डुकराच्या टेपवर्मची अंडी भाजीवरून शाकाहारी माणसाच्याही पोटात जाऊ शकतात आणि मेंदूत गाठी होतात. आपल्याकडे झटक्यांचं ते एक नेहमीचं कारण आहे. तशी गाठ असेल आणि प्राझिक्वान्टेल दिलं तर आजूबाजूला सूज येऊन झटका येऊ शकतो. तुमचा ताप-झटकाच असेल, पण ठरवायचं त्यांनी. अडचण असेल तर नायटाझोक्झानाइड तीन दिवस देतात. प्राझिक्वान्टेलइतकं पक्कं नाही, पण पर्याय आहे.

सदर_बाजार
म्हणजे माझा कोबी अगदीच वाया गेला नाही तर! बरं, धाकटीला आणि आईबाबांनाही एकदम गोळी द्यायची, असं आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या केसमध्ये केलं होतं.

स्लाइडवाली
मी आधी सगळ्यांची शी तपासा म्हणेन. धाकटीला लक्षणं नसली तरी ती अंडी सोडत असू शकते, आणि मग मोठ्याला दिलेलं औषध फुकट. पण एका नमुन्यात कधी निसटतात, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या, नुसती पातळ स्लाइड न बघता गाळ काढून बघा असं लॅबला सांगा. अंडं लंबगोल, रंगहीन असतं, आत सहा बारीक आकड्या, आणि आतल्या पडद्याच्या दोन टोकांपासून निघालेले बारीक धागे. ते धागे दिसले की शंका राहत नाही. उंदरांत राहणाऱ्या, ह्याच्याच जातभाई मोठ्या कृमीच्या अंड्याला ते नसतात.

घरभर फिनेल ओतू नका. बाहेर ही अंडी दहाएक दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत. शी धुतल्यावर साबण, जेवणाआधी साबण, नखं कापलेली, एवढं नीट पाळा.

मानेवाड्याची_आई
सोमवारी बालरोगतज्ज्ञांकडे जातेय, झटक्याचे जुने कागद घेऊन. औषधानंतर शी कधी तपासू? धाकटी अजून शी सांगत नाही, डायपरमधून घेतलेला नमुना चालतो का?

स्लाइडवाली
तपासणी औषधानंतर साधारण चार आठवड्यांनी, आधीचा साफ रिपोर्ट फसवतो. डायपरमधला नमुना लघवी न मिसळलेला हवा. डायपरवर प्लास्टिकचा तुकडा लावून घेतलात तर वरचा कोरडा भाग डबीत घ्या, आणि तासा-दोन तासांत लॅबला पोचवा.

वऱ्हाडी_बाप्पा
मंग माह्या पोराचीबी एकदा सेलोटेप लावून पाहतो. वावडिंगानं गेले का नखं कापल्यानं, काही समजतच नाही.