आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि हार्टच्या तपासण्या – सोसायटी ग्रुप

सचिन (बी-३०२): नमस्कार. आईचं गुडघा बदलायचं ऑपरेशन गुरुवारी आहे. भूलतज्ज्ञांनी फक्त ईसीजी आणि रक्ततपासणी सांगितली. ७२ वय, बीपी, शुगर, आणि इकोसुद्धा नाही? मला झोप नाही. कुणी काही सांगेल का?

पाटील काका (ए-१०१): सरळ अँजिओग्राफी करून घे. रिस्क नको.

मेघना (बी-२०४): लिफ्टचं काय झालं? तिसरा दिवस आहे.

सेक्रेटरी: मेघनाताई, तो विषय वेगळा. मेकॅनिक उद्या येतोय, कालच कळवलंय.

मेघना: कालही "उद्या"च होतं.

डॉ. मीनल (सी-४०१): सचिन, आईंना आधी कधी हार्टचा त्रास, पक्षाघात, हार्ट फेल्युअर? इन्सुलिन घेतात का? क्रिएटिनिन किती?

सचिन: यातलं काहीच नाही मावशी. शुगरला गोळ्याच. क्रिएटिनिन १.१.

डॉ. मीनल: मग धोका मोजायच्या यादीत त्यांचा एकही गुण लागत नाही. क्रिएटिनिनचा गुण २ च्या वर गेल्यावर लागतो. पोट, छाती किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं त्या यादीत जास्त जोखमीची धरतात, गुडघा त्यात नाही. आता दमाचं सांग. दोन जिने चढवतात का?

सचिन: अर्ध्या जिन्यातच थांबते.

पाटील काका: बघा! म्हणूनच म्हणतो, अँजिओग्राफी.

डॉ. मीनल: पाटीलसाहेब, एक मिनिट. सचिन, थांबतात त्या दम लागून की गुडघा ठणकून? हा फरक महत्त्वाचा आहे. छाती भरून येत असेल, तर गोष्ट वेगळी.

सचिन: गुडघाच. दम नाही, छातीत काही नाही. खुर्चीत बसून कणीक तिंबते, कपडे पिळते, बोलत बोलत.

डॉ. मीनल: म्हणजे जिन्याच्या परीक्षेत गुडघा नापास झाला, हृदयाची परीक्षा झालीच नाही. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी कामाची. हृदयावर ताण असेल तर हा आकडा वाढतो. ३०० च्या खाली आला तर दिलासा. वर आला, तर ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस रोज ट्रोपोनिन बघायचं, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ते वाढतं. इको लागतो तो छाती तपासताना मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, ऐकू आली किंवा दम लागण्याचं कारण सापडत नसलं तर.

पाटील काका: माझ्या मेव्हण्याला ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी अटॅक आला. आधी अँजिओग्राफी केली असती तर? मी उगाच बोलत नाही.

डॉ. मीनल: तुमचं दुःख खरं आहे, म्हणूनच सांगते. वेदनाशामकांमुळे असा अटॅक पुष्कळदा छातीत न दुखता येतो आणि कळत नाही. ट्रोपोनिन त्यासाठीच. अँजिओग्राफीत ब्लॉक दिसला, स्टेंट बसला, की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सुरू होतात आणि गुडघा साधारण सहा महिने लांबतो. त्रास नसलेल्या, स्थिर माणसाला आधी स्टेंट घालून ऑपरेशन जास्त सुरक्षित होतं, असं दिसलेलं नाही. ज्या तपासणीच्या निकालाने पुढचं काही बदलणार नाही, ती कशाला?

देशपांडे काका (ए-३०३): मला दोन महिन्यांपूर्वी अटॅकनंतर स्टेंट बसलाय. हर्नियासाठी दोन्ही गोळ्या परवापासून बंद केल्यात.

डॉ. मीनल: काका, कुणी सांगितलं?? नवा स्टेंट गुठळीने बंद पडू शकतो. आत्ता तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन करा. हर्निया अडकलेला नसेल, तर थांबू शकतो. अटॅकनंतरच्या स्टेंटला दोन्ही गोळ्या शक्यतो वर्षभर चालू ठेवतात.

देशपांडे काका: मेडिकलवाल्याने सांगितलं होतं. फोन लावतो.

प्रशांत (सी-१०२): सचिन, हार्ट शांत राहायला मेटोप्रोलॉल सुरू कर. माझ्या भावाला दिली होती.

डॉ. मीनल: नको! आधीपासून चालू असेल तर बंद करत नाहीत, पण ऐनवेळी नव्याने नाही. २००८ च्या पॉइज अभ्यासात ऑपरेशनच्या दिवशी ती सुरू केली, अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. बीपी फार उतरलं.

प्रशांत: मदत करायला गेलो तर हे. असो.

पाटील काका: अँजिओग्राफीचं मत मी बदलत नाही.

डॉ. मीनल: सचिन, आईंच्या शुगरच्या गोळ्यांची नावं पाठव.

सचिन: मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन.

डॉ. मीनल: डापाग्लिफ्लोझिन ऑपरेशनआधी पूर्ण तीन दिवस बंद असावी लागते. नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोन नावाची आम्लं साठू शकतात. म्हणजे शेवटची गोळी रविवारी. बीपीचीही गोळी आहे, तिचं आदल्या दिवशी काय करायचं, हे भूलतज्ज्ञांना विचार. माझ्या शब्दावर काही बंद करू नकोस.

सचिन: मावशी, भूलतज्ज्ञ हेच म्हणाले, रविवारनंतर बंद. एनटी-प्रोबीएनपीचाही आकडा आला, १४०. इको नाही, गुरुवार पक्का. 🙏

देशपांडे काका: डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या लगेच सुरू केल्या. हर्निया पुढे ढकलला. मीनलताई, आभार.

मेघना: सचिन, आई हॉस्पिटलमधून येईपर्यंत तरी लिफ्ट चालू हवी, सेक्रेटरीसाहेब.