स्वस्त संच आधी पूर्ण भरायचा की लॅम्डा समान ठेवायचा?

नाशिकरोडकर:
एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात आहेत तसे २१० मेगावॉटचे दोन संच कागदावर घेतलेत. लॉसेस धरलेले नाहीत, आकडे माझेच. तासाचा खर्च रुपयांत, P मेगावॉटमध्ये:

```
F1 = 48000 + 2200*P1 + 2*P1^2
F2 = 68000 + 2500*P2 + P2^2
```

भार ३३० मेगावॉट. समान इन्क्रिमेंटल कॉस्टने, म्हणजे पुढच्या मेगावॉटचा दर (लॅम्डा) दोन्हींवर सारखा ठेवून, पहिल्यावर १६० आणि दुसऱ्यावर १७० येतात. पण तिथे पहिल्याची वीज युनिटला २ रुपये ८२ पैशांना पडते, दुसऱ्याची ३ रुपये ७ पैशांना. मग महागड्याकडून जास्त वीज का घ्यायची? माझं मत, पहिला २१० वर न्यावा आणि दुसऱ्याला १२० द्यावेत.

बॉयलरवाला:
तुमचंच बरोबर आहे. राज्याचं भार प्रेषण केंद्र मेरिट ऑर्डरच लावतं. ज्याचा व्हेरिएबल चार्ज कमी तो आधी भरतात, मग पुढचा. लॅम्डा परीक्षेच्या पेपरापुरता.

गोदाकाठ:
बॉयलरवाला, मेरिट ऑर्डरचं खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतोय.

आधी हिशेब बघा. त्या २ रुपये ८२ पैशांत ४८,००० चा वाटाही आहे. दोन्ही संच चालू ठेवायचेच असतील तर तो खर्च भार कसाही वाटला तरी होणारच, त्यामुळे वाटणी ठरवताना त्याला काही किंमत नाही. विचारायचं एवढंच, की पुढचा एक मेगावॉट कुठे स्वस्त मिळतो. १६० वर पहिल्याचा दर तासाला २२०० + ४ × १६० = २८४० रुपये. १७० वर दुसऱ्याचा २५०० + २ × १७० = २८४०. आता तुमची वाटणी: पहिला २१० वर ३०४० मागतो, दुसरा १२० वर २७४०. म्हणजे पहिल्यावरचा शेवटचा मेगावॉट दुसऱ्यावर सरकवला की जवळपास ३०० रुपये वाचतात, तरी तुम्ही तो पहिल्यावरच ठेवताय. तासाचा एकूण खर्च ९,७३,१०० चा ९,८०,६०० होतो. ७,५०० रुपये जादा, दर तासाला.

मेरिट ऑर्डरमध्ये प्रत्येक संचाला त्याचा एक ठरलेला दर देतात, भाराबरोबर तो वाढत नाही. अशा दोन सपाट रेषा जुळणार कुठे? म्हणून स्वस्त मर्यादेला जाऊन टेकतो. नियम तोच, वक्राचा चढ शून्य धरलाय इतकंच.

अंबडचा कारखानदार:
ताई, आमच्याकडे ५०० आणि ३२० केव्हीएचे दोन जनरेटर समांतर चालतात. पॅनेलवाल्याने दोन्हींवर सारख्याच टक्क्यांनी भार ठेवलाय. हे चूक का?

गोदाकाठ:
दादा, गव्हर्नर ड्रूपने भार क्षमतेच्या प्रमाणात वाटतो, डिझेलचा खर्च तो बघत नाही. तुमच्याकडे बहुधा मोठा प्रश्न वेगळा असेल: भार कमी असताना दुसरा चालूच का ठेवायचा? तिथे स्थिर खर्च मोजायलाच हवा.

नाशिकरोडकर:
पटलं. पण रात्री भार २४० झाला तर उत्तर १३० आणि ११० येतं, आणि दुसऱ्याला ११५ च्या खाली जाता येत नाही असं मी धरलंय.

गोदाकाठ:
मग दुसरा ११५ वर बांधा, पहिल्यावर १२५. दर आता २७०० आणि २७३०, समान नाहीत, आणि तेच बरोबर. किमान मर्यादेवर अडलेल्या संचाचा दर मोकळ्या संचापेक्षा जास्त किंवा फार तर तितकाच असला पाहिजे, कारण त्याला खाली जायचंय पण जाता येत नाही. कमी निघाला तर समजा, चुकीचा संच बांधलाय.

बॉयलरवाला:
सगळं ठीक, पण ते 2*P1^2 आणलं कुठून? हीट रेट मोजतात चार-पाच भारांवर. १६० आणि १७० मधला खर्चाचा फरक २८,६०० रुपये. मोजमापात एक टक्का चूक झाली तर साडेचार हजार गेले, म्हणजे मेगावॉटमागे साडेचारशे. तुम्ही तर ३०० साठी भांडताय!

गोदाकाठ:
दोनच बिंदूंची वजाबाकी केली तर तसंच होईल. म्हणून वक्र सगळ्या बिंदूंतून बसवतात. वजनकाट्यात चूक असली तर पूर्ण वक्र एक टक्क्याने वर-खाली होतो, दर २८ रुपयांनी हलतो आणि वाटणी पाचेक मेगावॉटने. ३३० च्या हिशेबात त्याचं नुकसान तासाला शंभर रुपयांच्या आत. तळाशी वक्र सपाट असतो, थोडं चुकलं तरी महागात पडत नाही.

बॉयलरवाला:
काटा दोन्ही संचांना एकच असतो. कोळसा नसतो. एका बंकरमध्ये ओला माल गेला की त्या दिवशीचा वक्र कुठला धरायचा, हे कोणी सांगत नाही.

गोदाकाठ:
तो प्रश्न रास्त आहे. कॅलरीफिक व्हॅल्यूचा अहवाल हाती येईपर्यंत तो कोळसा जळून गेलेला असतो. तरी सरासरी दर बघून भार वाटणं हे त्यावरचं उत्तर नाही, यावर मी ठाम आहे.