मदत हवी आहे: माइंड मॅप एका पानात मावतच नाही

पेन्सिलवाली

नऊ दिवसांवर जीवशास्त्राचा पेपर आहे. उजळणीसाठी रक्ताभिसरणाच्या धड्याचा माइंड मॅप काढायला बसले आणि दोन तासांनी लक्षात आलं की मी धडाच पुन्हा उतरवून काढलाय. ए-फोर कागदाच्या मध्ये गोल, गोलात 'रक्ताभिसरण', त्यातून निघालेल्या अकरा फांद्या: जागा, कप्पे, झडपा, ठोके, धमन्या, शिरा, केशवाहिन्या, रक्तद्रव, रक्तपेशी, रक्तगट, रक्तदाब. फांद्यांवर अख्खी वाक्यं. रक्तगट शेवटी खालच्या कोपऱ्यात कोंबला, तो आता मलाच वाचता येत नाही. रंग म्हणाल तर जे पेन हाताला लागलं ते.

कुठे चुकतंय? शब्द किती ठेवायचे, आणि रंगांचा नेमका उपयोग काय?

शाईचा_डाग

सोपं आहे. एका फांदीवर एकच शब्द, दुसरा लिहायचाच नाही. रंगांचं तर या धड्यात ठरलेलंच: धमन्या लाल, शिरा निळ्या. झालं.

जुनी_वही

शाईचा_डाग, ते लाल-निळं या धड्यात दगा देतं. फुप्फुस धमनी हृदयाकडून फुप्फुसाकडे जाते म्हणून ती धमनी, पण तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. फुप्फुस शिरांचं बरोबर उलट. 'धमनी म्हणजे लाल' असं कागदावर पक्कं बसलं की पेपरात हाच प्रश्न चुकतो, आणि परीक्षक तो आवडीने विचारतात.

पेन्सिलवाली, तुझी अडचण रंगांच्या आधीची आहे. अकरा फांद्या म्हणजे तू पुस्तकातले मथळे ओळीने गोलाभोवती लावलेस. मांडणी केलीच नाहीस. तुझीच यादी घे. जागा, कप्पे, झडपा, ठोके हे सगळं 'हृदय' या एका जाड फांदीवर. धमन्या, शिरा, केशवाहिन्या आणि रक्तदाब 'वाहिन्या'वर. रक्तद्रव, पेशी, रक्तगट 'रक्त'वर. अकराच्या तीन झाल्या. चौथी तुझ्या यादीत नाहीच, आणि खरा धडा तिच्यातच आहे: 'प्रवास'. तिला दोन फाटे, एक हृदय ते फुप्फुस आणि परत, दुसरा हृदय ते शरीर आणि परत.

लाल आणि निळा फक्त 'प्रवास'साठी राखून ठेव. लाल म्हणजे ऑक्सिजनयुक्त रक्त, निळा म्हणजे ऑक्सिजन कमी झालेलं. उजव्या जवनिकेतून निळी रेघ फुप्फुसाकडे, तिथून लाल रेघ डाव्या कर्णिकेत. डाव्या जवनिकेतून लाल रेघ शरीराकडे, तिथून निळी उजव्या कर्णिकेत. मग फुप्फुस धमनी आपोआप निळी निघते आणि डोळ्यांना खटकते. खटकलं की लक्षात राहतं. बाकीच्या तीन फांद्यांना हिरवा, तपकिरी, जांभळा असा एकेक रंग दे आणि टोकापर्यंत तोच ठेव.

कागद आडवा धर, म्हणजे शब्द डावी-उजवीकडे पसरायला जागा मिळते. आणि पेन हातात घेण्याआधी चार मुख्य फांद्या पेन्सिलने हलक्या काढून बघ. एका बाजूला गर्दी होणार असेल तर ती तेव्हाच दिसते.

शाईचा_डाग

फुप्फुस धमनीचं मान्य, विसरलोच होतो. पण एका शब्दाचा नियम माझा नाही, टोनी बुझान यांचा आहे. माइंड मॅप त्यांनीच लोकप्रिय केला.

जुनी_वही

त्यांचाच आहे, आणि सुरुवातीला हात आवरायला चांगला आहे. पण मी एकदा या नियमाच्या नादात तांबड्या पेशींपुढे '120' आणि रक्तदाबापुढेही '120' लिहून ठेवलं होतं. आठवड्याने बघितलं तर एक आकडा दिवसांचा की दाबाचा, कळेना. '120 दिवस' आणि '120/80' लिहायला काय जातं?

शब्द पुरेसा आहे का, हे तपासायची माझी रीत अशी: त्यावर बोट ठेवायचं आणि पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणायचं. पुस्तकात असतं, 'धमन्यांच्या भिंती जाड असतात, कारण त्यांतून रक्त जास्त दाबाने वाहते.' मी लिहीन 'जाड ← दाब'. त्यावरून वाक्य म्हणता आलं तर बास. नुसत्या 'जाड'वरून 'कारण' सुटतं, आणि गुण तर कारणालाच असतात.

चष्मिस

मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे असले रंगीत कागद मित्रांकडून घेतले की माझी पंचाईत होते. मी रंगाऐवजी रेघ बदलते: ऑक्सिजनयुक्त म्हणजे सलग, कमी म्हणजे तुटक. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही चालतं.

जुनी_वही

चष्मिस, हे मला सुचलं नव्हतं. पेन्सिलवाली, लाल-निळ्यासोबत सलग-तुटकही वापर.

तारीख_पे_तारीख

मी इतिहासासाठी हेच केलं. मध्ये पहिलं महायुद्ध, भोवती कारणं, देश, लढाया, तह. दिसायला झकास, पण आधी काय आणि नंतर काय हे त्यातून कळतच नाही. 1914 एका टोकाला, 1918 दुसऱ्या. फांद्यांना नंबर द्यावेत का?

जुनी_वही

नंबर देऊन फार फरक पडेल असं वाटत नाही. घटनांच्या क्रमासाठी सरळ आडवी कालरेषा बरी. मॅपवर फक्त कारणं आणि परिणाम ठेव.

निवांत

विरजण घालतो, माफ करा. 2011 साली सायन्स या नियतकालिकात कार्पिक आणि ब्लंट यांचा प्रयोग आला होता. पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचा नकाशा काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, वाचून पुस्तक मिटून आठवेल ते लिहिणाऱ्यांना आठवड्याभराने जास्त येत होतं. नऊ दिवस उरले असताना रंगपेट्या कशाला?

जुनी_वही

प्रयोग बरोबर आहे, पण तो नकाशा पुस्तक उघडं ठेवून काढलेला होता, हे तुम्हीच लिहिलंत. तोच मॅप पुस्तक मिटून काढायचा. आठवेल तेवढा रंगांनी, मग पुस्तक उघडून राहिलेलं सगळं काळ्या पेनाने भरायचं. जिथे काळं जास्त, तिथे आपलं कच्चं. दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा.

निवांत

मग रंगांमुळे आठवतं की कोऱ्या कागदामुळे? माझ्या मते कोऱ्या कागदामुळेच.

पेन्सिलवाली

काल रात्री करून पाहिलं. चार फांद्या, आडवा कागद, मध्ये हृदयाचं वेडंवाकडं चित्र (बटाटा दिसतोय). 35 मिनिटं लागली आणि खाली जागाही उरली! 'प्रवास' जवळजवळ सगळा आठवला. 'हृदय' फांदीवर मात्र झडपांपाशी काळंच काळं: त्रिदल उजवीकडे की डावीकडे, हेच उलटं लिहिलं होतं. आता 'त्रिदल' उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांच्या मधोमधच लिहिलाय, वेगळी फांदी काढली नाही.

एकच अडलंय. रक्तदाब तुम्ही 'वाहिन्या'वर ठेवायला सांगितलात, पण दाब तयार होतो हृदयाच्या आकुंचनाने. मग तो 'हृदय'वर नको का?

जुनी_वही

मोजतो तो धमनीच्या भिंतीवरचा दाब, म्हणून मी तिकडे ठेवतो. पण तुझं म्हणणं खोटं नाही. 'ठोके'पासून 'दाब'पर्यंत एक बाण काढ, दोन्ही फांद्यांना जोडणारा. असे बाण दोन-तीनच ठेव, नाहीतर जाळं होतं.

शाईचा_डाग

मी तर 'हृदय'वरच ठेवला असता.