मदत हवी आहे: जाहिरात तपासताना 'अविवाहितांना' सुटतंय

आमच्याकडे नोकरीची जाहिरात छापायला जाण्याआधी भेदभावाचे शब्द तपासायला १८ शब्दप्रयोगांची ठरलेली यादी आहे. त्यातलं जे सापडेल ते जसंच्या तसं कळवायचं, एवढंच माझं काम. दुरुस्ती विभागप्रमुख करतात.

काल हिशेबनिसाची जाहिरात आली: "तरुण, तडफदार उमेदवार हवा. अविवाहितांना प्राधान्य. तरुणांसाठीच्या योजनेचे हिशेब पाहावे लागतील."

यादीत 'तरुण' आणि 'अविवाहित' आहेत. पूर्ण शब्द जुळवला तर पहिलं 'तरुण' सापडतं, पण प्रत्यय लागलेलं 'अविवाहितांना' निसटतं, आणि खरी गोम तर तिथेच आहे! शब्दाची सुरुवात जुळवली तर तेही सापडतं, मात्र योजनेतले बिचारे 'तरुण'ही अडकतात. कामाच्या वर्णनातल्या अशा शब्दांवर खूण केली की विभागप्रमुख वैतागतात आणि मग सगळ्याच खुणांकडे काणाडोळा करतात.

सध्या मी सुरुवात जुळवून सापडलेला शब्द अख्ख्या वाक्यासकट पाठवते. तुम्ही मराठी यादीत सामान्यरूपं वेगळी लिहिता का? आणि 'उमेदवार हवा' यातला पुल्लिंगी 'हवा' कसा धरता? मला 'उमेदवार हवा' हा अख्खा प्रयोगच यादीत घालावासा वाटतो, 'हवे आहेत' लिहिलं की प्रश्नच मिटतो.